खात्याचा पासवर्ड बदलला, तरी होस्टची खुर्ची दुसऱ्याकडेच

प्रश्न: आमच्या महिला मंडळाचा रोज सकाळी साडेसहाला झूमवर गीतापठणाचा वर्ग असतो. साठ-सत्तर जणी येतात, बहुतेक साठीच्या पुढच्या. २०२१ पासून एकच लिंक आहे. गेल्या सोमवारी पाच-सहा अनोळखी माणसं घुसली आणि स्क्रीनवर घाणेरडे व्हिडिओ लावले. मी त्याच दिवशी झूमचा पासवर्ड बदलला. गुरुवारी तर कहरच झाला. मी नेहमीसारखी ग्रुपवरची लिंक दाबली, तर मीच वेटिंग रूममध्ये आणि आत होस्ट म्हणून भलताच कुणीतरी! खातं हॅक झालंय का? लिंक बदलायलाच हवी का? आमच्या बायकांना तीच कशीबशी जमलीय. (इंदूर)

उत्तर:

ताई, तुमच्या एका वाक्यावर मी अडकलो: ‘नेहमीसारखी ग्रुपवरची लिंक दाबली’. खातं तुमचं असेल आणि फोनमधल्या झूममध्ये तुम्ही त्या खात्यानं लॉगिन असाल, तर झूम तुम्हाला बाहेर ताटकळत ठेवत नाही. मालकीण म्हणून आत घेतं, आणि होस्टपद दुसऱ्याकडे गेलं असेल तर Participants च्या यादीत Reclaim Host असं बटण दाखवतं. ते दाबलं की खुर्ची परत आपली. तुम्ही वेटिंग रूममध्ये बसलात, याचा अर्थ त्या क्षणी झूमच्या लेखी तुम्ही मालकीण नव्हताच, लिंक घेऊन आलेली एक पाहुणी होतात. पासवर्ड बदलल्यावर फोनमधलं लॉगिन सुटलं असेल, किंवा तुमच्या फोनवर लॉगिन कधी केलेलंच नसेल. दुसरी शक्यता मला जास्त वाटते, का ते पुढे सांगतो.

म्हणजे खातं हॅक झालंय का, याचं उत्तर ‘बहुधा नाही, पण तपासायला हवं’ असं आहे. खरी अडचण अशी की तुमच्या वर्गाला किल्ल्या तीन आहेत, तुम्ही एकच बदललीत, आणि चोराच्या हातात बहुतेक दुसरीच आहे.

पहिली किल्ली म्हणजे लिंक. ती साधारण अशी दिसते:

```
https://us02web.zoom.us/j/12345678901?pwd=AbC...
```

यातला आकडा म्हणजे मीटिंगचा नंबर आणि `pwd=` च्या पुढचं अक्षरांचं गाठोडं म्हणजे पासकोड. पुष्कळ जणांना वाटतं, आमच्या मीटिंगला पासकोड आहे, मग काळजी कसली? पण लिंक पाठवली की पासकोडही तिच्या पोटातून जातो. ज्याच्याकडे लिंक आहे त्याला काही टाईप करावं लागत नाही. ही किल्ली फक्त दार उघडते, आत आलेला माणूस पाहुणाच राहतो.

दुसरी किल्ली होस्ट की. zoom.us वर लॉगिन करून प्रोफाइल उघडलं की Host Key नावाची ओळ दिसते, त्यात साधारणपणे सहा आकडी नंबर असतो. मीटिंगमध्ये होस्टची खुर्ची रिकामी असेल, तेव्हा आत असलेला कुणीही Participants मध्ये जाऊन Claim Host दाबतो, हा नंबर टाकतो आणि होस्ट होतो. त्याला तुमचा ईमेलही लागत नाही, पासवर्डही नाही. आणि लक्षात घ्या, खात्याचा पासवर्ड दहा वेळा बदलला तरी होस्ट की तीच राहते. ती मुद्दाम जाऊन बदलावी लागते.

तिसरी किल्ली खात्याचं लॉगिन, म्हणजे ईमेल आणि पासवर्ड. ही ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे अख्खं घर आहे. त्याला मीटिंगची यादी दिसते, नवी लिंक दिसते, होस्ट कीही दिसते. तुम्ही सोमवारी बदललीत ती ही.

गुरुवारी नक्की कोणती किल्ली वापरली गेली हे कसं ओळखायचं? तिसरी वापरली असती तर बाकीच्या खुणाही दिसल्या असत्या. तुम्ही न ठरवलेल्या मीटिंग यादीत दिसतात, प्रोफाइलमधलं नाव किंवा फोटो बदललेला असतो, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याचे मेल येतात, तुमचा पासवर्ड चालत नाही. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय खातं ज्याच्या हाती आहे तो एवढा तमाशा करून सावध कशाला करेल? उलट होस्ट कीनं आलेल्याची पद्धत ठरलेली असते. तो वर्गाच्या वेळेआधी येतो, खुर्ची रिकामी असते, तो ती घेतो, वेटिंग रूम चालू करतो आणि मग येणारी प्रत्येक जण बाहेर थांबते. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

आता माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्याच जातकुळीतलं आहे. मी जेल रोडला बसतो, कॉम्प्युटर-नेटवर्कची कामं करतो, आणि कोविडपासून आपल्याकडच्या बऱ्याच मराठी मंडळांचे झूम मीच लावून दिलेत. लोकमान्य नगरातल्या एका स्तोत्रवर्गात असंच झालं. वर्ग सातचा. वर्ग चालवणारे काका पावणेसातला चहा घेऊन बसले, तर आत आधीच कुणीतरी होस्ट. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी राजवाड्याजवळ पोहे खात होतो. प्लेट तशीच ठेवून विचारलं, ‘काका, होस्ट की कुणाकुणाला माहीत आहे?’

‘कुणालाच नाही. मला एकट्याला.’

‘मग मागे तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पंधरा दिवस वर्ग कुणी चालवला?’

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘अरे हो, तेव्हा ग्रुपवर टाकली होती.’

ग्रुपवर टाकलेला साधा मेसेज असता तर एकवेळ चाललं असतं, कारण व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नवा आलेल्या माणसाला जुने मेसेज सहसा दिसत नाहीत. पण हौशी ॲडमिननं सगळ्यांच्या सोयीसाठी लिंक, पासकोड आणि होस्ट की, तिन्ही ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवून ठेवलं होतं. डिस्क्रिप्शन प्रत्येक नव्या सदस्याला दिसतं. आणि ग्रुपमध्ये येण्याची लिंक दिवाळी पहाटच्या कार्यक्रमाच्या फेसबुक पोस्टखाली तीन वर्षं उघडी पडलेली. म्हणजे कुणीही आत यावं, डिस्क्रिप्शन वाचावं आणि होस्ट व्हावं. यात हॅकिंग नावाची गोष्टच नव्हती.

मग आम्ही झूमचा अहवाल काढला. पैसे भरून घेतलेल्या खात्यात वेबसाइटवर Reports मध्ये Usage असतं. त्यात प्रत्येक मीटिंगला कोण कोणत्या नावानं किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, ते दिसतं. त्या दिवशी पहिली नोंद ६.२१ ची होती, नाव फक्त ‘iPhone’. ६.३४ पर्यंत आणखी चार नावं, सगळी एकेरी, आडनाव नाही. वर्गातली पहिली ओळखीची बाई आली ६.४१ ला. होस्ट कधी बदलला हे या अहवालात लिहिलेलं नसतं, पण वीस मिनिटं ती खोली त्या पोरांच्या ताब्यात एकट्यानं होती एवढं त्यातून स्पष्ट झालं. तुमचाही अहवाल सोमवारचा आणि गुरुवारचा वेगवेगळा काढा. तुमचा वर्ग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त चालत असेल तर खातं पैसे भरलेलंच असणार, कारण फुकटच्या खात्यात मीटिंग चाळिसाव्या मिनिटाला तुटते.

होस्ट येण्याआधी लोक आत जाऊ शकत होते, कारण एक सेटिंग चालू होतं. जुन्या पडद्यांवर त्याचं नाव Join before host होतं, आता मीटिंग ठरवताना Allow participants to join anytime असं दिसतं. बायका लवकर येऊन गप्पा मारतात म्हणून ते सगळीकडे चालू ठेवलेलं असतं. गप्पांना माझी हरकत नाही, पण रिकामी खुर्ची आणि फुटलेली होस्ट की एकत्र आली की हे असं होतं.

आणि आता, तुमच्या फोनवर लॉगिन कधी केलेलंच नसेल असं मला वर का वाटलं ते. होस्ट की ग्रुपवर जाते ती बहुतेक याच कारणानं, की वर्ग घेणारी व्यक्ती स्वतःच लॉगिन न करता लिंक दाबून येते आणि रोज की टाकून होस्ट बनते. ते इतकं अंगवळणी पडतं की की म्हणजेच पासवर्ड असं वाटायला लागतं. ताई, तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर सगळ्यात आधी ही सवय मोडा.

आता दुरुस्ती. इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो उलटा झाला की सगळं फुकट जातं. तुम्ही आधी नवी लिंक बनवलीत आणि कुणी खात्यात बसलेलं असेल, तर ती नवी लिंक त्याला तुमच्याआधी दिसेल. म्हणून आतून बाहेर यायचं.

सुरुवात ईमेलपासून. झूमचं खातं ज्या ईमेलवर आहे तो कुणाच्या ताब्यात आहे? मंडळांमध्ये हा ईमेल नेहमी मागच्या कार्यकारिणीतल्या सचिवांच्या मुलानं उघडलेला असतो, आणि त्याचा रिकव्हरी नंबर त्या मुलाचाच असतो, जो आता पुण्यात किंवा बंगळुरूला. मुलगा सज्जन असतो, पण ज्याच्याकडे ईमेल आहे तो ‘पासवर्ड विसरलो’ दाबून झूम कधीही घेऊ शकतो. तेव्हा ईमेलचा पासवर्ड, रिकव्हरी नंबर आणि दोन टप्प्यांची पडताळणी हे आधी.

मग झूम. वेबसाइटवर प्रोफाइलमध्ये नवा पासवर्ड, लगेच Sign Me Out From All Devices, आणि Two-factor Authentication चालू. पासवर्ड बदलून भागलं असं समजू नका. आधीपासून लॉगिन असलेलं एखादं जुनं टॅबलेट कुणाच्या तरी घरी असू शकतं, ते या बटणानं बाहेर पडतं. त्याच पानावर होस्ट की बदला. नवी की वाढदिवस किंवा १२३४५६ अशी ठेवू नका, आणि कुठेही लिहून ठेवू नका. लॉगिन करून येणाऱ्या माणसाला तिची रोज गरजच नाही. मग सेटिंगमध्ये Schedule Privilege शोधून पाहा. तुमच्या वतीनं मीटिंग ठरवायची मुभा कुणाला दिलेली असेल तर ते नाव तिथे दिसतं. ओळखीचं नसेल तर काढा.

हे सगळं झालं की मगच मीटिंग. पण जुनी मीटिंग डिलीट करण्याआधी वरचे अहवाल आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार करायची झाली तर लागतील.

इथवर थोडक्यात: ईमेल, मग खात्याचा पासवर्ड आणि सगळीकडून साइन आउट, मग होस्ट की, मग मुभा दिलेल्यांची यादी, आणि सगळ्यात शेवटी लिंक.

लिंकचं काय करायचं? तुमची खरी कळकळ इथे आहे हे मला कळतंय. सत्तर ज्येष्ठ बायकांना नवी लिंक पोचवणं म्हणजे सत्तर फोन. एक मधला रस्ता आहे. मीटिंग तीच ठेवून Edit मध्ये जाऊन नुसता पासकोड बदलायचा. नंबर तोच राहतो, पण जुन्या लिंकच्या पोटातला पासकोड जुना असल्यामुळे ती आपोआप आत नेत नाही, पासकोड विचारते. ज्या बायका नंबर टाकून येतात त्यांना फक्त नवा पासकोड सांगावा लागतो. किरकोळ गळती असेल तर मी एवढंच करतो.

तुमच्या बाबतीत मात्र मी नवी मीटिंगच बनवेन. नंबर चार वर्षं फिरलाय, कुठे कुठे गेलाय ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि जे दोनदा येऊन गेले ते तिसऱ्यांदा येतात. पासकोड कळला नाही तर तुमच्याच ग्रुपमध्ये कुणाचं तरी नाव घेऊन ‘ताई, पासकोड चालत नाहीये’ असा मेसेज करतात, आणि कुणीतरी भाबडेपणानं सांगतं. हे मी पाहिलंय. नंबरच बदलला की तो धागा तुटतो.

नवी मीटिंग बनवताना Personal Meeting ID वापरू नका. तो तुमच्या खात्याला चिकटलेला नंबर असतो, बनवताना सोपा वाटतो, पण फुटला की मुद्दाम जाऊन बदलेपर्यंत त्यावरची तुमची प्रत्येक मीटिंग उघडी पडते. Generate Automatically निवडा, Recurring meeting करा, वेटिंग रूम चालू, होस्टच्या आधी प्रवेश बंद. आणि लिंक कॉपी करताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून करू नका. Copy Invitation वापरा. मीटिंग सुरू करताना पट्टीत कधीकधी `/s/` असलेला आणि `zak=` नं शेपूट लांबवलेला पत्ता येतो. ती होस्टची सुरुवातीची लिंक असते. तिची मुदत संपेपर्यंत ती ज्याच्या हाती पडेल तो होस्ट म्हणून आत जाऊ शकतो. एका योगवर्गाच्या बाईंनी अशी लिंक अख्ख्या बॅचला पाठवली होती, आणि तीन जणांना आपण होस्ट झालोय हे कळेना म्हणून त्यांनीच मला फोन केला.

रोज नवी लिंक काढायची का? केंद्रीय गृह मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्ये झूमसाठी सूचना काढल्या होत्या, त्यात प्रत्येक मीटिंगला नवा आयडी आणि पासवर्ड ठेवा असं होतं. सूचना बरोबरच आहे, पण ती डोळ्यांसमोर ठेवून पहाटेच्या गीतावर्गाला रोज लिंक बदलायला लावली तर पंधरा दिवसांत वर्गात दहा जणी उरतील. माझं मत असं: लिंक एकदा बदला आणि मग वर्षभर ठेवा, पण दारावर माणूस उभा करा. त्याच सूचनांमध्ये वेटिंग रूम, स्क्रीन शेअरिंग फक्त होस्टकडे आणि बाहेर काढलेल्याला पुन्हा प्रवेश नाही, हेही होतं. ते तीन तुमच्या खरंच कामाचे.

नावनोंदणीचा पर्याय पुष्कळ जण सुचवतील, म्हणजे प्रत्येकीला स्वतःची वेगळी लिंक. फी घेऊन चालणाऱ्या क्लासला तो उत्तम. तिथे कुणाची लिंक फुटली ते कळतं, आणि तेवढीच रद्द करता येते. पण त्यासाठी प्रत्येकीचा ईमेल लागतो, आणि आपल्या आज्या ईमेल नातवाच्या भरवशावर वापरतात. त्यामुळे तुमच्यासाठी मी तो सोडून देईन.

नवी लिंक ग्रुपवर टाकू नका. एकेकीला वैयक्तिक पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर एक ध्यानात ठेवा, जिच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही तिला तो मेसेज पोचत नाही. दुसऱ्या दिवशी ‘मला आलीच नाही’ म्हणून फोन येतात ते याचमुळे. जुन्या ग्रुपचं डिस्क्रिप्शन रिकामं करा आणि ग्रुपची निमंत्रण लिंक रिसेट करा.

आता दारावरचा माणूस. रोज दोघी ठरवा, एक तुम्ही आणि एक कोहोस्ट. कोहोस्ट वेटिंग रूममधून आत घेऊ शकते, आवाज बंद करू शकते, कुणाला काढू शकते. ती दुसऱ्या कुणाला कोहोस्ट करू शकत नाही आणि सगळ्यांची मीटिंग बंदही करू शकत नाही, म्हणून कोहोस्ट करणं होस्टपद देण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित. तुमचं नेट गेलं तर वर्ग सांभाळायलाही ती असते.

Admit All हे बटण आहे हेच विसरून जा. लोकमान्य नगरात सगळं नीट लावून दिल्यावर आठव्या दिवशी पुन्हा एक घुसला, तो याच बटणातून. बाहेर तीस नावं थांबलेली, घाई झाली, दाबलं. त्यानंतर आम्ही नाव आणि मोहल्ला अशी पद्धत ठेवली: ‘जोशी सुदामा नगर’, ‘देव रामबाग’. नुसतं ‘Galaxy A14’ दिसलं की आत घ्यायचं नाही, आधी फोन करायचा. ज्येष्ठांच्या फोनवर हे नाव एकदा नातवाकडून लावून घेतलं की टिकतं. आत आल्यावर नाव बदलायची मुभा मात्र बंद ठेवा. घुसखोर वर्गातल्याच कुणाचं नाव घेऊन येतात, कारण मागच्या वेळी त्यांनी यादी पाहिलेली असते. एकच नाव दोनदा आलं तर दोन्ही बाहेर थांबवा आणि खऱ्या बाईंना फोन लावा. अर्धं मिनिट लागतं.

सगळ्या आल्या की मीटिंग लॉक करा असं सगळीकडे वाचाल. ऑफिसच्या मीटिंगला मीही करतो. पण लॉक केलेल्या मीटिंगमध्ये बाहेर पडलेली बाई पुन्हा येऊ शकत नाही, आणि पहाटे कुणाचं ना कुणाचं वायफाय जातंच. त्यामुळे तुमच्या वर्गात लॉक नको. वेटिंग रूम शेवटपर्यंत चालू आणि कोहोस्टचं लक्ष तिकडे, एवढं बास.

एवढं करूनही कुणी घुसलंच तर एकेकाला शोधून काढत बसू नका, तेवढ्यात दुसरा स्क्रीन लावतो. Host tools मध्ये, जुन्या ॲपमध्ये Security च्या ढालीखाली, Suspend Participant Activities आहे. ते दाबलं की सगळ्यांचा आवाज, व्हिडिओ, स्क्रीन, चॅट एका झटक्यात थांबतं. मग शांतपणे काढा, आणि काढताना झूमला रिपोर्टही करा. होस्टपदच गेलेलं असेल तर बायकांना फोनवरून सांगा की बाहेर पडा. तुम्ही लॉगिन करून आत जा, Reclaim Host घ्या आणि End Meeting for All. भांडू नका, शिव्या देऊ नका. ती पोरं त्याचीच रेकॉर्डिंग करायला आलेली असतात.

आजारपणात किंवा गावाला गेलात तर? Alternative host चा पर्याय आहे, पण त्या व्यक्तीकडे त्याच खात्यातलं स्वतःचं लायसन्स लागतं, आणि मंडळाकडे ते एकच असतं. अशा वेळी मी असं सांगतो: त्या दिवसापुरती होस्ट की एका विश्वासू बाईंना फोनवर तोंडी सांगा, आणि वर्ग संपला की त्याच दुपारी बदला. पण त्या दिवशी होस्टच्या आधी प्रवेश चालू आणि सुरुवातीला वेटिंग रूम बंद ठेवावी लागेल, नाहीतर लॉगिनशिवाय मीटिंग सुरूच होणार नाही. त्या बाईंनी वीस मिनिटं आधी जाऊन खुर्ची घ्यायची आणि लगेच वेटिंग रूम चालू करायची. हे फार काळ चालवायची व्यवस्था नाही. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर दुसरं लायसन्स घेतलेलं बरं.

गूगल मीटवर जायचं का, असाही प्रश्न पुढे येईल. तिथे होस्ट की नावाची भानगड नाही, होस्ट म्हणजे ज्याच्या खात्यातून मीटिंग बनली तो, त्यामुळे गुरुवारसारखा प्रकार तसा होत नाही. पण कॅलेंडरमधली रोजची मीटिंग तिथेही एकाच लिंकवर चालते, ती लिंकही फुटते, आणि आज्यांना पुन्हा नवं ॲप शिकवावं लागेल. एवढ्या कारणासाठी मी बदलणार नाही.

तक्रारीचं. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दाखवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ खाली येतं, आणि दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख कपटानं वापरणं ६६सी खाली. cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवता येते, १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. तारीख, वेळ, मीटिंगचा नंबर, अहवाल आणि नावांचे स्क्रीनशॉट द्या. आरोपी सापडेल की नाही हे त्यानं कुठून आणि काय लपवून लॉगिन केलं यावर आहे, मी खात्री देणार नाही. एक मात्र कडक सांगतो: सोमवारच्या त्या व्हिडिओची रेकॉर्डिंग कुणी केली असेल तर ती ‘बघा काय झालं’ म्हणून ग्रुपवर फिरवू देऊ नका. त्यात लहान मूल असेल तर ते पुढे पाठवणं हाच गंभीर गुन्हा ठरतो. थेट पोलिसांशी बोला.

शेवटची तपासणी रात्री करा, वर्गाच्या आदल्या दिवशी. घरातला एखादा असा फोन घ्या ज्यात तुमचं झूम लॉगिन नाही. आधी जुनी लिंक दाबा, ती कुठेच जायला नको. मग नवी दाबा, होस्ट अजून आलेला नाही असं दिसायला हवं. मग तुमच्या फोनवर लॉगिन करून मीटिंग सुरू करा, म्हणजे तो दुसरा फोन वेटिंग रूममध्ये दिसेल. त्याला आत घ्या, आणि मीटिंग बंद न करता तुमच्या फोनवरून नुसतं बाहेर पडून पुन्हा आत या. वेटिंग रूम न लागता तुम्ही सरळ आत गेलात आणि होस्ट तुम्हीच दिसलात किंवा Reclaim Host बटण दिसलं, की काम झालं. पुन्हा बाहेर थांबावं लागलं तर लॉगिन कुठेतरी चुकलंय. नक्की काय दिसतंय ते इथेच लिहा, सकाळी सहाच्या आत मी जागा असतो.